80सी भरायचंय, पण दुकानाचा गल्ला कुलपात घालून नाही

जानेवारी 2025 चालू आहे, ऑफिसात एचआरचा मेल आलेला आहे की गुंतवणुकीचे पुरावे जमा करा, आणि घरी नात्यातले एक काका फॉर्म घेऊन बसलेले आहेत. दरवर्षी याच दिवसांत मला एकच प्रश्न येतो: "दादा, दीड लाखाचं 80सी भरायचंय, कुठे टाकू?" व्हिडिओत पंधरा मिनिटांत सगळं बसत नाही, म्हणून सविस्तर इथे लिहितोय. मी पॉलिसी विकत नाही, फंडही विकत नाही. माझं दुकान पॅकिंगच्या डब्यांचं आणि पिशव्यांचं आहे. त्यामुळे माझं मत हे दुकानदाराचं मत आहे, आणि हा लेख खास त्यांच्यासाठी आहे जे आज नोकरी करतात आणि तीन-चार वर्षांत स्वतःचं काहीतरी सुरू करणार आहेत.

अशा माणसाला "तू तरुण आहेस, रिस्क घे, लांबचं बघ" हा नेहमीचा सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही. का, ते एका उदाहरणातून बघू.

आमच्या बॅचमधल्या दोन-तीन जणींची माहिती एकत्र करून मी एक हिशेब बनवलाय. तिला स्नेहल म्हणू. वय 27, पुण्यात खासगी कंपनीत नोकरी, वर्षाचा पगार 8,40,000. बेसिक महिन्याला 35,000, घरभाडे भत्ता 14,000, भाडं देते 13,500. पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जातो, म्हणजे महिन्याला 4,200. आई-बाबांच्या मेडिक्लेमचा वर्षाचा हप्ता 24,000 ती भरते. आणि 2029 च्या सुरुवातीला गावी बेकरीच्या कच्च्या मालाचं दुकान टाकायचं तिच्या मनात आहे.

आता पहिली गोष्ट. 80सी कुठे भरू हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न आहे, 80सी भरायचं की नाही? कारण नवीन करप्रणालीत 80सीची वजावट मिळतच नाही. आणि 2023-24 पासून नवीन प्रणाली हीच आपोआप लागू होणारी आहे, जुनी पाहिजे तर आपण सांगावं लागतं. मी असे लोक पाहिलेत ज्यांनी पॉलिसी घेतली कर वाचवायला, आणि कर भरला नवीन प्रणालीत. म्हणजे पॉलिसीने कराचा एक रुपया वाचला नाही.

स्नेहलचा हिशेब करू. आर्थिक वर्ष 2024-25 साठी नवीन प्रणालीत तिला 75,000 ची प्रमाणित वजावट मिळते. करपात्र राहिले 7,65,000. सात लाखांच्या वर गेल्यामुळे सूट नाही. कर होतो 26,500 आणि त्यावर 4 टक्के सेस धरून 27,560.

जुन्या प्रणालीत 8,40,000 मधून 50,000 प्रमाणित वजावट, 2,500 व्यवसाय कर आणि घरभाड्याचे 1,20,000 गेले. (भाड्यातून बेसिकचा 10 टक्के वजा करायचा, म्हणजे महिन्याला 10,000 सुटले.) राहिले 6,67,500. त्यातून 80सीचे पूर्ण 1,50,000 गेले तर 5,17,500. मेडिक्लेमचे 24,000 गेले तर 4,93,500. पाच लाखांच्या आत आली, म्हणून 87ए ची पूर्ण सूट आणि कर शून्य.

म्हणजे स्नेहलसाठी जुनी प्रणाली यंदा 27,560 रुपयांनी फायद्याची आहे. पण हे घडलं ते घरभाड्यामुळे आणि मेडिक्लेममुळे. तीच मुलगी आई-वडिलांच्या घरी राहत असती, भाडं नसतं, तर 80सी आणि मेडिक्लेम भरूनही जुन्या प्रणालीत तिला जवळपास 37,000 कर आला असता. तिच्यासाठी मग नवीन प्रणालीच बरी, आणि काकांचा फॉर्म परत. हे दोन्ही हिशेब वहीत मांडल्याशिवाय एक रुपया कुठे टाकू नका. अर्धा तास लागतो.

आणि हो, "दीड लाख टाका, सेहेचाळीस हजार आठशे वाचवा" असं जे बोर्डावर लिहिलेलं असतं, ते 30 टक्क्यांच्या टप्प्यात असणाऱ्याचं गणित आहे. ज्याचं करपात्र उत्पन्न दहा लाखांच्या बरंच वर आहे, त्याचं. आपल्यासारख्यांचं नाही.

आता दुसरी गोष्ट, जी बरेच जण विसरतात. 80सीची मर्यादा दीड लाख आहे, पण स्नेहलला दीड लाख टाकायचे नाहीत. तिचा पीएफ वर्षाला 50,400 कापला जातोय, तो 80सीतच धरला जातो. उरले 99,600. सॅलरी स्लिप काढून आधी हा आकडा बघा. काकांनी तिला दीड लाखाच्या हिशेबाने कोटेशन दिलं होतं. ते गरजेपेक्षा पन्नास हजारांनी जास्त होतं.

पण कमीही पडू देऊ नका, कारण इथे एक खड्डा आहे. जुन्या प्रणालीत पाच लाखांच्या आत असाल तर कर शून्य. एक रुपया वर गेलात की अडीच लाखांपासूनचा सगळा कर लागतो. समजा स्नेहलने 99,600 ऐवजी 89,600 च टाकले. करपात्र उत्पन्न 5,03,500. कर किती? सेससह 13,728. दहा हजार कमी टाकले आणि पावणेचौदा हजार गेले. त्यात बँकेतल्या एफडीचं व्याज लोक धरत नाहीत. स्नेहलकडे 6,500 ची जागा आहे. एफडीचं व्याज आठ हजार आलं तर ती खड्ड्यात पडली. म्हणून मार्चच्या आत व्याजाचा आकडाही बँकेकडून काढून घ्या.

बरं. 99,600 कुठे टाकायचे, या मुद्द्यावर येऊ.

लोक तीन गोष्टी विचारतात: परतावा किती, कुलूप किती वर्षांचं, रिस्क किती. मी यात एक चौथा प्रश्न घालतो, आणि धंदा करायचा विचार असेल तर तोच पहिला विचारा. पुढच्या वर्षी मला परत पैसे भरावेच लागतील का?

कारण बघा, कराचा हिशेब एका वर्षाचा असतो. 2029 ला स्नेहल नोकरी सोडेल तेव्हा काय होईल? घरभाडे भत्ता नाही, प्रमाणित वजावट नाही, पीएफ नाही. पहिल्या वर्षी दुकानाचं उत्पन्न करपात्र होईल की नाही, हेच माहीत नाही. शिवाय धंद्याचं उत्पन्न असेल तर दरवर्षी प्रणाली बदलता येत नाही. जुनी पाहिजे तर रिटर्नच्या मुदतीआधी फॉर्म 10-आयईए भरावा लागतो, आणि त्यानंतर एकदा नवीनमध्ये परत गेलात की धंदा आहे तोवर जुनीचं दार बंद. म्हणजे चार वर्षांनी तिला 80सीची गरजच उरणार नाही, अशी शक्यता मोठी आहे. मग यंदाच्या 27,560 साठी वीस वर्षं हप्ता भरायचा करार कशासाठी?

म्हणूनच काकांच्या एंडोमेंट पॉलिसीला माझं सरळ नाही आहे. वर्षाला 48,000 हप्ता, वीस वर्षं. दुकान सुरू झालं की पहिल्या दोन वर्षांत 48,000 ही रक्कम केवढी मोठी असते ते ज्याने दुकान चालवलंय त्याला विचारा. माल भरायचा की हप्ता भरायचा? हप्ता थांबवला तर सुरुवातीच्या वर्षांत भरलेल्यापेक्षा कमी पैसे हातात येतात. आणि दोन वर्षांचे हप्ते पूर्ण व्हायच्या आत पॉलिसी बंद झाली तर आधी घेतलेली 80सीची वजावटही उत्पन्नात परत मिळवली जाते. विमा नको असं मी म्हणत नाही. आई-बाबा तुमच्यावर अवलंबून असतील तर साधा टर्म प्लॅन घ्या, त्याचा हप्ताही 80सीत धरला जातो आणि 27 व्या वर्षी तो कमी बसतो. काकांना वाईट वाटेल, दिवाळीला फराळाचा डबा जरा मोठा द्या.

बँकेची पाच वर्षांची कर-बचत एफडी दिसायला सुरक्षित वाटते. पण साधी एफडी आणि ही एफडी यात फरक आहे. साधी एफडी मोडता येते, तिच्यावर कर्ज मिळतं. कर-बचतवाली पाच वर्षं मोडता येत नाही, आणि तारण ठेवून कर्जही काढता येत नाही. वर व्याज करपात्र. दुकानदार माणसाच्या दृष्टीने हा पैसा पाच वर्षांसाठी मेलेला.

पोस्टाचं एनएससी तिच्याच जवळचं, पण धंद्याला जास्त सोयीचं. मुदत पाच वर्षं, सध्या व्याज 7.7 टक्के, दहा हजारांचे मुदतीनंतर 14,490 होतात, आणि सरकारी हमी आहे. महत्त्वाचं म्हणजे ते बँकेकडे तारण ठेवता येतं. म्हणजे पैसा कुलपात असला तरी कागद कामाला येतो. ज्याला पुढे कॅश क्रेडिट किंवा मुदत कर्ज काढायचंय त्याने याचा विचार करावा. फक्त व्याज दरवर्षी तुमच्या उत्पन्नात मिळवायचं असतं, हातात आलेलं नसलं तरी. स्नेहलसारखी पाच लाखांच्या काठावर असेल तर तेच व्याज पुढच्या वर्षी तिला खड्ड्यात ढकलू शकतं.

आता राहिले दोन, ज्यांच्यावर खरा वाद होतो. ईएलएसएस आणि पीपीएफ.

ईएलएसएस म्हणजे शेअर बाजारात पैसे लावणारा म्युच्युअल फंड, कुलूप फक्त तीन वर्षांचं. 80सीच्या नेहमीच्या पर्यायांत सगळ्यात कमी. म्हणून लोक म्हणतात, तीन वर्षांत पैसे मोकळे, मग दुकानासाठी हेच बेस्ट. इथे माझा आक्षेप आहे. कुलूप तीन वर्षांनी उघडतं याचा अर्थ तीन वर्षांनी आत पैसे पूर्ण असतील असा होत नाही.

31 मार्च 2017 ला निफ्टी 9,173 वर बंद झाला होता. त्या मार्चमध्ये कर वाचवायला ज्यांनी ईएलएसएस घेतला, त्यांचं कुलूप मार्च 2020 ला उघडलं. मार्च 2020 म्हणजे लॉकडाऊन. 31 मार्च 2020 ला निफ्टी 8,597 वर होता, आणि त्याच्या आठ दिवस आधी तर 7,610 पर्यंत गेला होता. फंडागणिक आकडे वेगळे असतील, पण तीन वर्षं थांबून बाजार होता त्याच्याही खाली होता. ज्याला त्या महिन्यात गाळ्याचं डिपॉझिट द्यायचं होतं, त्याने तोट्यात विकलं. ज्याला गरज नव्हती तो थांबला, आणि 2020 संपताना निफ्टी 13,900 च्या वर होता. फंड तोच, कुलूप तेच, फरक फक्त पैशाची गरज कधी लागली याचा.

दुसरं, एसआयपी करणाऱ्यांचा एक गैरसमज. एसआयपी जानेवारी 2025 ला सुरू केली म्हणजे जानेवारी 2028 ला सगळे पैसे मोकळे, असं नाही. प्रत्येक हप्त्याचं कुलूप वेगळं. जानेवारी 2028 ला फक्त पहिला हप्ता सुटतो. वर्षाला पन्नास हजार टाकत राहिलात तर कधीही बघा, शेवटच्या तीन वर्षांचे दीड लाख अडकलेलेच असतात. 2029 च्या जानेवारीत स्नेहल दुकान टाकायला जाईल तेव्हा 2026, 27 आणि 28 चे पैसे तिला काढता येणार नाहीत.

पीपीएफची गोष्ट उलटी आहे. 15 वर्षं ऐकूनच तरुण मुलं पळतात. व्याज 7.1 टक्के, ते करमुक्त, आणि रिस्क जवळपास नाही. कुलूप लांब आहे खरं, पण चौथ्या प्रश्नात पीपीएफ सगळ्यात पुढे आहे. वर्षाला किमान 500 रुपये टाकले की खातं चालू. ज्या वर्षी दुकानात पैसा फिरतोय त्या वर्षी 500, ज्या वर्षी हात मोकळा आहे त्या वर्षी दीड लाखापर्यंत कितीही. कोणी तगादा लावत नाही. जानेवारी 2025 ला खातं उघडलं तर एप्रिल 2026 पासून मार्च 2030 पर्यंत शिलकीच्या एका हिश्श्यावर कर्ज काढता येतं. रक्कम लहान असते, दोन वर्षांपूर्वीच्या शिलकीच्या 25 टक्क्यांपर्यंत, म्हणून त्यावर दुकान उभं राहणार नाही, पण एखाद्या तंगीच्या महिन्यात माल भरला जाईल. एप्रिल 2030 पासून ठरावीक मर्यादेत थोडे पैसे काढताही येतात.

आणि पीपीएफचा एक गुण धंदेवाल्यांनी लक्षात ठेवावा. धंद्यातलं कर्ज थकलं आणि देणेकरी कोर्टात गेला, तरी कोर्टाच्या हुकमाने पीपीएफमधली शिल्लक त्या कर्जापोटी जप्त होत नाही. प्रोप्रायटरशिपमध्ये दुकानाचं देणं म्हणजे मालकाचं स्वतःचं देणं. त्यात ही एक पेटी बाजूला राहते. नोकरदाराला याची किंमत नाही, आपल्याला आहे.

मग स्नेहलला मी काय सांगितलं?

ती म्हणाली, "दादा, मी तर सगळे ईएलएसएसलाच टाकणार होते. सगळे म्हणतात वय कमी आहे तर रिस्क घे." मी म्हटलं, रिस्क तू घेतेच आहेस. पगार सोडून दुकान टाकणं यापेक्षा मोठी रिस्क कोणती? जी मुलगी साठीपर्यंत नोकरी करणार आहे तिचा पगार म्हणजे दर महिन्याला येणारं निश्चित उत्पन्न, तिने 80सीचा सगळा पैसा बाजारात लावला तर माझी हरकत नाही. पण तुझं उत्पन्नच चार वर्षांनी डळमळीत होणार आहे. आणि मंदी आली की शेअर बाजार पडतो आणि दुकानाचा गल्लाही पडतो, दोन्ही एकाच वेळी. म्हणून वय तेच असलं तरी तुझ्या 80सीचा निम्मा भाग शांत जागी पाहिजे.

ईएलएसएसमध्ये 50,000, पीपीएफमध्ये 50,000. एकूण एक लाख, गरजेच्या 99,600 पेक्षा चारशे जास्त. ईएलएसएसचे पैसे कुलूप उघडलं तरी सात-आठ वर्षं हात न लावायच्या बोलीवर, ग्रोथ पर्याय आणि डायरेक्ट प्लॅन. यंदा वेळ कमी आहे म्हणून जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असे तीन हप्ते. पुढच्या वर्षी एप्रिलपासून महिन्याला. पीपीएफमध्ये महिन्याच्या 5 तारखेच्या आत भरायचं, नाहीतर त्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज जातं.

"मग दुकानासाठी पैसे कुठून?" तिचा पुढचा प्रश्न बरोबर होता.

दुकानाचं भांडवल 80सीत शोधूच नका. तो डबा वेगळा. जे 27,560 वाचले ते खर्चात विरघळू न देता महिन्याला 2,300 ची साधी आरडी लावायची, आणि तिच्यात पगारातून जमेल तेवढी भर घालायची. दिसायला अगदी मामुली, परतावा कमी, व्याज करपात्र. पण गाळा मिळाला त्या दिवशी मोडता येते. गाळा सांगून येत नाही, आणि मालक डिपॉझिटसाठी तीन वर्षं थांबत नाही. फक्त आरडीचं व्याज पाच लाखांच्या हिशेबात धरायला विसरू नका.

एनपीएसबद्दल विचारणारे बरेच आहेत. 80सीच्या दीड लाखाबाहेर आणखी 50,000 ची वजावट मिळते हे खरं. पण पैसा मुख्यतः साठीपर्यंत अडकतो. पाच लाखांची रेषा पार करायला दोन-चार हजार कमी पडत असतील तर तेवढ्यापुरतं ठीक. धंदा टाकणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या माणसाने त्यात दरवर्षी पन्नास हजार टाकावेत असं मला वाटत नाही.

शेवटी तारखांचं. एचआरची पुराव्याची तारीख चुकली म्हणून घाबरून मिळेल ती पॉलिसी घेऊ नका. तारीख चुकली तर पगारातून टीडीएस जास्त कापला जाईल, एवढंच. खरी तारीख 31 मार्च 2025 आहे. त्याआधी पैसे खात्यात गेले असतील, तर जुलैअखेरच्या मुदतीत रिटर्न भरताना जुनी प्रणाली निवडून वजावट घेता येते आणि जास्तीचा कर परत मिळतो. नोकरदाराला, धंद्याचं उत्पन्न नसेल तर, प्रणाली दरवर्षी बदलता येते. ईएलएसएस 31 मार्चच्या संध्याकाळी घेऊ नका. पैसे फंडापर्यंत पोचून युनिट मिळायला वेळ लागतो, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातच काम उरका.

1 फेब्रुवारीला बजेट आहे. त्यात टप्पे बदलले तर ते साधारणपणे पुढच्या वर्षासाठी असतात, यंदाचा हिशेब वरचाच राहील. बजेट झालं की स्नेहलचेच आकडे घेऊन पुढच्या वर्षाचा हिशेब नव्या व्हिडिओत मांडतो. तोपर्यंत सॅलरी स्लिप, भाड्याच्या पावत्या आणि बँकेचं व्याज, एवढे तीन आकडे काढून ठेवा.